शून्यापाशी सपाट

शिरूरच्या त्या कॉलेजात उत्तरपत्रिका तपासायची एक पद्धत आहे, आणि ती ज्याने काढली त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली पारख असावी. एका प्राध्यापकाने अख्खी उत्तरपत्रिका तपासायची नाही. एकच प्रश्न तपासायचा. पहिला प्रश्न एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे, आणि गठ्ठा टेबलावरून टेबलावर सरकत जातो. त्यामुळे पोरगं पास झालं की नापास हे तपासताना कुणालाच कळत नाही, आणि नापास झालंच तर ते कुणी केलेलं नसतं.

मच्छिंद्र चौधरींकडे त्या मे महिन्यात तिसरा प्रश्न आला होता. मच्छिंद्र मूळचे पाबळचे, वय एकावन्न, विषय गणित. त्यातली आठ वर्षं त्यांनी तासिका तत्त्वावर काढली होती. म्हणजे दर जूनमध्ये नेमणूक, दर एप्रिलमध्ये निरोप, आणि मधल्या दोन महिन्यांत सासरी गेल्यावर 'सध्या काय करताय' या प्रश्नाला उत्तर. पुढे कायम झाले ते शितोळे सरांमुळे. सर निवृत्त झाले त्या दिवशी सत्काराचा नारळ हातात घेऊन तसेच संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले आणि म्हणाले होते, "नारळ ठेवा तुमच्याकडं. माझ्या जागेवर मच्छिंद्रला घ्या." अध्यक्षही सरांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी मच्छिंद्रला घेतलं आणि नारळही ठेवून घेतला.

संस्थेची दोन कॉलेजं, एक शिरूरला, एक दौंडला. अलीकडे स्वायत्तता मिळाल्यापासून पेपर संस्थाच काढते, संस्थाच तपासते. आणि तिसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर शितोळे सरांनीच काढायचा, हा रिवाज. सर दौंडला राहायचे. वय एकोणऐंशी. तरी रिवाज चालू होता, कारण तो बंद करा म्हणायला कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं.

तिसरा प्रश्न दहा गुणांचा होता. एक फंक्शन आहे, त्याचे कितीही वेळा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचे दर, काढता येतात, आणि शून्यावर ते सगळेच्या सगळे शून्य आहेत. तर शून्याच्या आसपास ते फंक्शन शून्यच असतं, हे सिद्ध करा.

दौंडच्या गठ्ठ्यात एक्केचाळीस उत्तरपत्रिका. पोरांनी भराभर सिद्ध केलं होतं. सगळे डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून टेलर सिरीजचं (ह्याच डेरिव्हेटिव्हांवरून मांडलेल्या न संपणाऱ्या बेरजेचं) प्रत्येक पद शून्य, म्हणून सिरीज शून्य, म्हणून फंक्शन शून्य. चार ओळी. सोबतच्या नमुना उत्तरातही ह्याच चार ओळी होत्या, सरांच्या तिरप्या अक्षरात. मच्छिंद्र दहा-दहा देत सुटले. काहींनी नुसता प्रश्नच पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढला होता. त्यांना प्रथेप्रमाणे दोन.

मग एक उत्तरपत्रिका आली, तिच्यात दीड पान खोडलेलं होतं.

खोडलेलं नीट वाचता येत होतं. पोराने, किंवा पोरीने (नंबर झाकलेला असतो), आधी सिद्ध करायचा प्रयत्न केला होता. चार ओळी तिथंही होत्या. पण चौथ्या ओळीपाशी पेन अडलं होतं. टेलर सिरीज कुठंही तोडली की मागं काहीतरी उरतं, रिमेंडर म्हणतात त्याला. तो शून्याकडे जातो हे दाखवल्याशिवाय सिरीज म्हणजेच फंक्शन असं म्हणता येत नाही. ते दाखवायचा एकदा प्रयत्न, खोडला. दुसऱ्यांदा, खोडला. तिसऱ्यांदा. मग खाली शांतपणे लिहिलं होतं: हे विधान चूक आहे. आणि उदाहरण दिलं होतं.

e चा घात, उणे एक भागिले x चा वर्ग. शून्यावर किंमत शून्य धरायची.

मच्छिंद्रांनी पेन खाली ठेवलं.

पुढे एक तक्ता होता. x एक असताना किंमत ०.३६७९. अर्धा असताना ०.०१८३. ०.१ ला दशांश चिन्हापुढं त्रेचाळीस शून्यं आणि मग सदतीस. ०.०५ ला कॅल्क्युलेटर म्हणतो शून्य. आणि त्याच्यासमोर कंसात: "कॅल्क्युलेटर दमला. e चा कुठलाही घात शून्य नसतो." मग रीतसर सिद्धता. शून्यापासून दूर ह्याचा कुठलाही डेरिव्हेटिव्ह म्हणजे १/x ची एक बहुपदी गुणिले तेच फंक्शन. आणि x शून्याकडे गेला की १/x कितीही उड्या मारो, ते फंक्शन त्याला दरवेळी दाबून टाकतं. म्हणून शून्यावर पहिला डेरिव्हेटिव्ह शून्य, दुसरा शून्य, शंभरावा शून्य. टेलर सिरीज सगळी शून्य. फंक्शन मात्र शून्याखेरीज कुठंच शून्य नाही. शेवटची ओळ होती: "म्हणून रिमेंडर कुठंही जात नाही. रिमेंडर म्हणजेच सगळं फंक्शन."

मच्छिंद्रांनी हे फंक्शन पहिल्यांदा पाहिलं ते ह्याच इमारतीत, विसाव्या वर्षी, शितोळे सरांच्या तासाला. सरांनी खडू आडवा धरून फळ्यावर वळण काढलं होतं; दोन्ही बाजूंनी खाली येणारं आणि मधे शून्यापाशी इतकं सपाट, की खडू जमिनीला टेकल्यासारखा. "इथं उभं राहून काय मोजायचं ते मोजा," सर म्हणाले होते. "चढ नाही. चढाचा चढ नाही. त्याचाही नाही. इथं उभा असलेला माणूस म्हणेल, सगळं मैदानच आहे. आणि दोन पावलं पुढं डोंगर. म्हणून सांगतो, एका जागी उभं राहून कुणाबद्दल मत करायचं नाही."

आता त्याच सरांनी लिहून दिलं होतं की सगळं मैदानच आहे.

मच्छिंद्रांनी उत्तरपत्रिकेवर पेन्सिलीने दहा लिहिले. मग नमुना उत्तर पुन्हा वाचलं. अक्षर सरांचंच. सही सरांचीच. मार्चमध्ये सरांचा फोन आला होता, "मच्छिंद्रा, पेपर टाकला रे कुरियरला," आणि तासाभराने पुन्हा तोच फोन, तेच वाक्य, तेच हसणं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, रेंज गेली असेल.

परीक्षा नियंत्रक सत्यजीत पाचर्णे टेबलांमधून फिरत होते. रसायनशास्त्राचा माणूस, कुठल्याही गोष्टीकडे सांडल्यावर काय होईल अशा नजरेने बघायचा.

"काय चौधरी सर, अडलं का?"

"नाही. म्हणजे, समजा प्रश्नातच काही असलं तर?"

"तर गुलाबी फॉर्म. त्रुटी अहवाल. भरा, द्या. पेपर काढणाऱ्याला पत्र जाईल, पंधरा दिवसांची मुदत, मग समितीपुढं बोलवू, खुलासा घेऊ. त्रुटी आहे का?"

मच्छिंद्रांच्या डोळ्यासमोर समिती आली. वाणिज्य विभागाचे दोन, संस्थेचा एक, सगळे समोसा खात बसलेले, आणि पुढं खुर्चीत सर, बंद गळ्याचा कोट घालून. 'शितोळे सर, हे आपणच लिहिलंय ना?'

"नाही," ते म्हणाले.

पाचर्णे गेले. मच्छिंद्रांनी विचार केला, आणि विचार शहाण्या माणसाचा होता. ज्याला परीक्षेच्या हॉलमध्ये बसून हे सुचतं, तो काय दहा मार्कांवाचून अडणार आहे? बाकीच्या साठात पंचावन्न असतीलच. त्याचे दहा गेले तर पहिला येणारा दुसरा येईल. एवढंच. एका उत्तरावरून त्यांनी अख्खी उत्तरपत्रिका ओळखली. पान उलटून बघायची पद्धत नव्हती आणि त्यांनीही उलटलं नाही.

खोडरबराने दहा पुसला. लाल पेनाने शून्य काढलं. शून्य काढायला अवघड नसतं.

*

जूनच्या पंचवीस तारखेला विभागाच्या दारात एक मुलगी आणि तिचा बाप उभे राहिले. मुलीच्या हातात उत्तरपत्रिकेची झेरॉक्स होती. खोडलेलं दीड पान मच्छिंद्रांना दारातूनच ओळखू आलं.

"मी तेजश्री दिवेकर. वरवंडची. दौंडच्या कॉलेजला आहे. हे वडील. तिसऱ्या प्रश्नापुढची सही तुमची आहे, असं ऑफिसात म्हणाले."

"हौशीराम," बाप म्हणाला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली होती. "आमची फुलशेती हाय सर. शेवंती. गणितातलं काय कळत न्हाई, म्हून पोरीला फुडं केलंय."

"सर, मला सत्तरपैकी बावीस पडलेत," तेजश्री म्हणाली. "पासिंगला अठ्ठावीस लागतात."

"बावीस?" मच्छिंद्रांच्या तोंडून निघालं. "बाकीच्या प्रश्नांत...?"

"बाकी सोडवायला वेळच उरला नाही. ह्या प्रश्नात दीड तास गेला. सिद्ध करा म्हटलं होतं ना. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. रिमेंडर जाईचना." ती ओशाळून हसली. "शेवटी कळलं की तो जाणारच नाही. मग ते लिहायला वेळ लागला. तेवढं मात्र छान झालं होतं."

मच्छिंद्रांनी ड्रॉवर उघडला आणि पुन्हा लावला.

"सर, चूक कुठं आहे तेवढी दाखवा," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. खरंच बघायची होती तिला. तिने झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि पेन उघडून तयार राहिली.

"नमुना उत्तराप्रमाणे..." मच्छिंद्र म्हणाले.

"फंक्शन चूक आहे का?"

"नाही. फंक्शन बरोबर आहे."

"मग डेरिव्हेटिव्ह?"

"तेही बरोबर आहेत."

हौशीरामने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हंजी सर, समदं बरोबर हाय, आन् मार्क शून्य?"

"असं असतं दादा. नियम असतात."

"आस्तील की," हौशीराम म्हणाला. "आमच्या मार्केट यार्डात बी आस्त्यात. पर तिथं निदान फूल कुजकं हाय म्हून सांगत्यात."

"अप्पा, गप्प बसा," तेजश्री म्हणाली. मग मच्छिंद्रांना: "सर, हैदराबादच्या एका संस्थेत एमएस्सीला माझा नंबर लागलाय. प्रवेश परीक्षा दिली होती. पासचं मार्कलिस्ट दहा जुलैपर्यंत लागतं. नाहीतर जागा जाते."

"पुनर्तपासणीचा फॉर्म भर," मच्छिंद्र म्हणाले. "बघू आपण."

'बघू आपण' हे मराठीतलं बहुगुणी वाक्य आहे. त्याचा अर्थ बोलणाऱ्याला माहीत असतो आणि ऐकणाऱ्याला नंतर कळतो. फॉर्म भरून दोघं गेली. जाताना हौशीरामने पिशवीतून शेवंतीची पुडी काढून टेबलावर ठेवली. "लाच न्हाई सर. घरची हायेत."

पुनर्तपासणीत तिसरा प्रश्न तपासायला पुन्हा तिसऱ्या प्रश्नाच्याच परीक्षकाकडे येतो. दुसऱ्या दिवशी झेरॉक्ससकट पुनर्तपासणीचं पाकीट मच्छिंद्रांच्या टेबलावर आलं, आणि त्यांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. न भरलेला गुलाबी फॉर्मही तिथंच होता. सव्वीस जून. सत्तावीस. तो रविवार. प्रत्येक दिवशी त्यांनी काही केलं नाही, आणि प्रत्येक दिवशी काही बिघडलंही नाही. अशाच दिवसांचा मिळून आठवडा होतो. शेवंती सुकली, ती शिपायाने टाकली.

*

चार जुलैला ते मोटारसायकल काढून दौंडला निघाले. न्हावरे, चौफुला, पुढं सोलापूर रस्त्याला वरवंड आलं तेव्हा त्यांनी मान पुढंच ठेवली, जणू शेवंती लावणारा प्रत्येक माणूस रस्त्याकडे बघत उभा होता.

सरांचं घर रेल्वेच्या वसाहतीमागे. फाटक सरांच्या पत्नी म्हाळसाकाकूंनी उघडलं. सर ओट्यावर पेपर वाचत होते.

"अरे मच्छिंद्रा! ये. पोट वाढलं तुझं. बीजगणित शिकवतोयस का?"

मच्छिंद्रांना बरं वाटलं. त्यांनी चाचपून पाहिलं: अध्यक्ष कसे आहेत, पाबळची जमीन कोण बघतं, मुलगी कितवीला आहे. सरांनी सगळं बरोबर सांगितलं. मुलीचं नाव प्रांजल, दहावीला, गणितात घाबरते, हेही. कुठंच काही नव्हतं. मच्छिंद्र मनात म्हणाले, आपणच वेडे. एखादी चूक कुणाचीही होते.

मग त्यांनी झेरॉक्स पुढं केली. "सर, एक उत्तर दाखवायचं होतं."

सरांनी चष्मा लावला. खोडलेल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. पहिल्या खोडाखोडीपाशी हुंकार दिला. दुसऱ्यापाशी ताठ बसले. तिसऱ्यापाशी त्यांनी मांडीवर थाप मारली. "जात नाही, जात नाही! सापडलं बघ पोराला!"

"मुलगी आहे सर."

"मुलगी तर मुलगी. हे बघ, 'कॅल्क्युलेटर दमला'!" सर हसले, हसता हसता खोकले. "मच्छिंद्रा, चाळीस वर्षं मी हे फळ्यावर काढलं. एकानं स्वतः शोधलेलं आज पहिल्यांदा पाहिलं. आणि हे शून्य कुणी दिलंय?"

मच्छिंद्रांनी मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली.

"अरे, कुणी दिलं?"

"मी, सर."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. तीस वर्षांपूर्वी त्या नजरेपुढं वर्ग बसायचा. "तू?"

"नमुना उत्तरात तसं होतं."

"आणि नमुना उत्तर लिहिणारं ते गाढव कोण?"

आत स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं. मच्छिंद्रांनी खाली पाहिलं. ओट्याच्या फरशीवर मुंग्यांची एक रांग चालली होती. ती संपेपर्यंत पाहायला त्यांची हरकत नव्हती.

"विचारतोय मी. कोण?"

"बाहेरचे आहेत कुणीतरी," मच्छिंद्र म्हणाले.

"बदला त्याला," सर म्हणाले. खिशातलं लाल पेन काढून त्यांनी झेरॉक्सवरचं शून्य खोडलं, बाजूला दहापैकी दहा लिहिले, आणि खाली, तिरप्या अक्षरात: 'उत्तम. भेटायला ये.' सही केली. मग वर्तमानपत्र उचलून पुन्हा वाचायला लागले. पाच मिनिटांनी मान वर करून म्हणाले, "अरे मच्छिंद्रा! कधी आलास? पोट वाढलं तुझं."

काकू फाटकापर्यंत आल्या.

"कधीपासून?" मच्छिंद्रांनी विचारलं.

"काय सांगू? रोज बघणाऱ्याला काही दिसतच नाही. कालच्यापेक्षा आज काही कमी, असं एकही दिवस वाटलं नाही. आणि मागं वळून बघितलं तर एवढं." त्यांनी पदर सारखा केला. "तो पेपर काढला तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. रात्रंदिवस चार ओळी लिहायचे आणि खोडायचे. मी कुणाला बोलले नाही. तू बोलला नाहीस, मी बोलले नाही. आता दे लिहून, मच्छिंद्र. ह्यांचं व्हायचं ते झालंय. त्या पोरीचं होऊ दे."

*

पाच जुलैला त्यांनी गुलाबी फॉर्म भरून दिला. पाचर्णेंनी तो दोन बोटांत धरला.

"मे महिन्यात विचारलं होतं सर तुम्हाला."

"हो."

"पंचवीस जूनला दिला असता तरी दहाला मुदत संपली असती. आता वीसला संपणार."

"मुदत कमी नाही करता येत?"

"स्वायत्तता आहे सर आपल्याला. मनमानी नाही."

सरांना पत्र गेलं. सरांनी ते कुणा विद्यार्थ्याची शंका समजून वाचलं असावं, कारण चौथ्या दिवशी उत्तर आलं. दोन पानी, सुरेख. विधान का चूक आहे, तेच फंक्शन, तीच सिद्धता, आकृतीसकट. शेवटी शेरा: 'असा प्रश्न काढणाऱ्यास घरी बसवावे.' उत्तर आलं तरी मुदत मुदतच असते. समितीने वीस तारखेपर्यंत वाट पाहिली. मच्छिंद्रांनी हैदराबादला तीनदा फोन लावला. पलीकडची बाई फार सभ्य होती. दहा जुलैच्या संध्याकाळी जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला गेली, असं तिने इंग्रजीत, मग हिंदीत, आणि मच्छिंद्र काही बोलेनात तेव्हा पुन्हा इंग्रजीत सांगितलं.

एकवीस तारखेला समिती बसली. समोसे होते. सरांना बोलवायचं कुणी नावही काढलं नाही. सगळे त्यांचेच विद्यार्थी, नाहीतर विद्यार्थ्यांचे विद्यार्थी. ठराव झाला तो असा: प्रश्न क्रमांक तीनमध्ये छपाईचा दोष आढळल्याने सर्व परीक्षार्थींना पूर्ण दहा गुण देण्यात यावेत. आणि शितोळे सरांचा त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल घरी जाऊन सत्कार करावा. पुढील वर्षापासून त्यांना तसदी देऊ नये.

म्हणजे ज्या समितीला मच्छिंद्र मे महिन्यात भ्याले, ती कधी बसलीच नव्हती. ती त्यांनीच बसवली होती, त्यांच्याच डोक्यात, समोशांसकट. समोसे तेवढे खरे निघाले.

*

नवं मार्कलिस्ट टपालाने गेलं असतं. मच्छिंद्र ते घेऊन वरवंडला गेले. रविवार होता. तेजश्री अंगणात फुलांच्या क्रेट धूत होती. कुरकुंभच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली होती, रविवारी सुट्टी.

हौशीरामने खुर्ची टाकली. टोपी मात्र काढली नाही.

तिने कागद वाचला. बत्तीस. पास.

"दहा दिले?"

"सगळ्यांनाच दिले. छपाईचा दोष म्हणून."

"सगळ्यांना? ज्यांनी सिद्ध केलं त्यांना पण?"

"हो."

तिने कागद उलटून मागची बाजू पाहिली. "म्हणजे ते विधान चूक आहे असं कुणी म्हटलंच नाही," ती म्हणाली. "मी बरोबर आहे असं पण नाही."

"पुढच्या वर्षी पुन्हा हैदराबादची परीक्षा..."

"बघू आपण," हौशीराम म्हणाला.

मच्छिंद्रांनी मग झेरॉक्स काढली. तिने लाल अक्षरातले दहा पाहिले, खोडलेलं शून्य पाहिलं, खालची ओळ पाहिली. "हे कुणी लिहिलंय?"

मच्छिंद्रांनी सांगितलं. ह्या वेळी सगळं सांगितलं, पेन्सिलीच्या दहापासून गाढव कोण इथपर्यंत. सांगून झाल्यावर हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तेजश्री उठली. आत जाऊन तिने हात पुसले, चप्पल घातली.

"चला. भेटायला ये म्हटलंय ना त्यांनी."

त्या दिवशी सरांनी उत्तर पहिल्यांदाच वाचलं. मांडीवर थाप मारली, 'कॅल्क्युलेटर दमला'ला हसले, दहापैकी दहा दिले. पुढच्या रविवारी ती एकटीच गेली. सरांनी उत्तर पहिल्यांदाच वाचलं. ऑगस्ट असाच गेला. काकूंनी झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून टीव्हीखाली ठेवल्या होत्या, दहा लिहायला कोरी जागा हवी म्हणून. सहा रविवार, साठ मार्क.

सप्टेंबरात एका रविवारी मच्छिंद्रही गेले. सर ओट्यावर होते. त्यांनी मच्छिंद्रांकडे पाहून नमस्कार केला, परक्या माणसाला करतात तसा. पोट वाढल्याचं बोलले नाहीत. तेजश्रीने झेरॉक्स पुढं केली. सरांनी खोडलेलं पान हळूहळू वाचलं. हुंकार नाही. तक्त्यापाशी ते थांबले, बोट ठेवून शून्यं मोजायला लागले, मधेच सोडून दिली. मग लाल पेन काढलं.

"सगळे डेरिव्हेटिव्ह शून्य," सर म्हणाले.

"हो, सर."

"मग फंक्शनही शून्यच की." त्यांनी मच्छिंद्रांकडे पाहिलं. "नाही का हो?"

मच्छिंद्रांचं तोंड उघडलं. तीस वर्षांच्या सवयीने 'हो सर' जिभेवर आलेलं होतं, आणि त्या माणसाला ते ऐकायचंही होतं. दारात काकू उभ्या होत्या. पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं, शून्य काढायला.

तेजश्रीने खुर्ची जवळ ओढली आणि हलक्या हाताने पेन त्यांच्या बोटांतून सोडवून घेतलं.

"न्हाई सर," ती म्हणाली. "पुन्हा बघू. ही सिरीज इथं तोडली. मागं हा रिमेंडर उरला. दिसतोय?"

सर कागदावर वाकले. पलीकडून मालगाडी जायला लागली, तशी तेजश्री बोलायची थांबली. दौंडची मालगाडी लांब असते. शेवटचा डबा जाईपर्यंत सर रिमेंडरच्या त्या एका अक्षराकडे बघत होते.

"दिसतोय," ते म्हणाले.

"आता सांगा, हा कुठं जातो?"

सरांनी त्या अक्षराखालून बोट सरकवत नेलं.

"जात नाही?" सरांनी विचारलं. पहिल्या बाकावरच्या पोराने विचारावं तसं.

"न्हाई जात."

"मग राहतो कुठं?"

"इथंच, सर," तेजश्री म्हणाली. "सगळाच्या सगळा."